गालावरची खूण



एक हात मोकळा असेल तर करून पाहा. तर्जनी आणि मधलं बोट जोडून धरा आणि उजव्या गालावरून, ओठाच्या कडेजवळून, खाली ओढा. हे एका माणसाचं नाव आहे. लोराँ क्लेर्क, जन्म १७८५, फ्रान्समधला. तो वर्षभराचा असताना चुलीजवळ खुर्चीत बसवला होता, तिथून विस्तवात पडला आणि गाल भाजला. व्रण जन्मभर राहिला. पुढे पॅरिसच्या कर्णबधिरांच्या शाळेत गेल्यावर त्या व्रणाचंच त्याचं नाव झालं.

आपल्याला हे ऐकून कसंतरी होतं. कुणाच्या व्यंगावर बोट ठेवू नये, असंच आपण शिकलो. पण ज्याचं सगळं बोलणं डोळ्यांनी चालतं, त्याला माणूस आधी दिसतो. ‘क्लेर्क’ या उच्चाराचं त्याला काय? ते नाव बोटांनी एकेक अक्षर करून दाखवता येतं, पण गप्पांत दहा वेळा यायचं तर फार वेळ जातो. गालावरून दोन बोटं फिरवली की झालं. म्हणून कुणाचं नाव तीळ, कुणाचं खळी, कुणाचं कुरळे केस, तर कुणाचं सतत मान हलवण्याची लकब. आपल्याकडच्या कर्णबधिर मुलांनाही अशी नावं बहुतेक वेळा शाळेत, सोबत्यांकडूनच मिळतात. एकाच वर्गात तीळवाले दोघं निघाले, तर एकाची खूण थोडी बदलावी लागते.

मात्र या नावानं त्या माणसाला हाक मारत नाहीत. पाठमोऱ्या माणसाला खूण दिसणार कशी? बोलवायचं तर खांद्याला हात लावतात, हात हलवतात, लाकडी जमिनीवर पाय आपटतात, दिवा चालू-बंद करतात. खुणेचं नाव लागतं ते त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलताना. नवी ओळख होते तेव्हा आधी अक्षरांनी नाव सांगतात, मग खूण दाखवतात, आणि ती का पडली ते समोरचा विचारतोच.

हे नाव आपलं आपण ठेवायचं नसतं. ऐकू येणारा माणूस त्यांच्यात मिसळला, खुणांची भाषा बोलू लागला, की कर्णबधिर मंडळी त्याला नाव देतात. उत्साहानं स्वतःच ठरवून आलेलं नाव ते सहसा मानत नाहीत. मला हा रिवाज फार रास्त वाटतो.

क्लेर्क १८१६ साली थॉमस गॅलॉडेट यांच्याबरोबर अमेरिकेला गेला आणि पुढच्या वर्षी दोघांनी हार्टफर्डला शाळा उघडली. गॅलॉडेट ऐकू येणारे, चष्मा लावणारे. त्यांची खूण चष्म्याचीच पडली: डोळ्याच्या कडेला चिमूट धरायची आणि चष्म्याच्या दांडीवरून न्यावी तशी कानाकडे ओढायची. ते १८५१ साली वारले. वॉशिंग्टनच्या कर्णबधिरांच्या विद्यापीठाला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं, आणि तिथले विद्यार्थी आजही विद्यापीठाचं नाव घेताना तीच चष्म्याची दांडी ओढतात.