हरवलेले बिलबुक आणि तुटलेली क्रमांकमालिका



आजचा विषय दुकानाच्या गल्ल्याजवळचा आहे. बिलबुकात एकशे बारानंतर एकदम एकशे चौदा आले, की तपासनीस पहिला प्रश्न विचारतो, "मधल्या बिलाचा माल कुठे गेला?" त्याच्या लेखी क्रमांकातील खिंड म्हणजे दडवलेली विक्री. ती तशी नाही हे दाखविण्याचे ओझे दुकानदारावर येते.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. त्याच्या सेहेचाळिसाव्या नियमाप्रमाणे बिलाला ओळीने येणारा, सोळा अक्षरांपेक्षा लांब नसलेला आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा क्रमांक हवा. मालिका एकाहून अधिक चालतात, पण प्रत्येकीचा क्रम तिच्यापुरता अखंड हवा.

आधी बिघडलेल्या बिलाचे पाहू. शाई सांडली, नाव चुकले, गिऱ्हाईक परत गेले, तर आपला हात पान फाडण्याकडे जातो. तेवढे मात्र करू नये. मालाच्या बिलाच्या तीन प्रती असतात. गिऱ्हाइकाची, वाहतुकीची आणि आपली स्थळप्रत. तिन्हींवर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहावे, कारण व तारीख घालून सही करावी आणि प्रती बुकातच राहू द्याव्यात. मात्र माल गेल्यावर आणि विक्री विवरणपत्रात दाखविल्यावर बिल असे रद्द होत नाही. तेथे क्रेडिट नोट काढावी लागते.

आता हरवलेल्या बुकाकडे वळू. समजा, एका सिमेंटच्या दुकानात महिन्याच्या पहिल्या तारखेला १५१ ते २०० क्रमांकांचे बुक सुरू झाले आणि चार दिवसांनी टेम्पोतून येताना ते हरवले. पहिला प्रश्न, शेवटचे बिल कोणते फाडले? रोजकीर्दीत प्रत्येक विक्रीपुढे बिलाचा क्रमांक टिपलेला असेल, तर उत्तर एका मिनिटात मिळते. आपल्या दुकानात तो १६३ निघाला. म्हणजे तेरा बिले वापरलेली आणि सदतीस कोरी. या दोहोंची वाट वेगळी आहे.

वापरलेली तेरा बिले पुन्हा उभी करावयाची. नऊ गिऱ्हाइकांकडून मूळ बिलांच्या नकला मिळाल्या. त्यांत छत्तीस पोती निघाली. उरलेली चार रोखीची होती. रोकडवहीत त्यांच्या रकमा आणि नऊ पोती सापडली. एकूण पंचेचाळीस. या नकला वेगळ्या फायलीत लावाव्यात. त्याच क्रमांकांची नवी बिले मागाहून लिहून 'स्थळप्रत' म्हणून ठेवणे हा बनाव होतो.

पुरावा खरा ठरतो तो साठ्याच्या मेळाने. आरंभी १२० पोती होती, ४०० खरेदी झाली, महिनाअखेर ९० उरली. म्हणजे गेली ४३०. नव्या बुकातील तीस बिलांत ३८५ पोती आहेत. त्यांत हरवलेल्या बिलांची ४५ मिळविली की बेरीज बरोबर ४३० येते. कोऱ्या सदतीस क्रमांकांवर एकही पोते गेले नाही, हे आपण न बोलता आकडे सांगतात. मेळ चार पोत्यांनी चुकला असता, तर तेवढा शोध अजून बाकी आहे असे समजावे.

कोरे क्रमांक पुन्हा छापून घेऊ नयेत. नवे बुक २०१ पासून सुरू करावे. विवरणपत्राच्या तेराव्या तक्त्यात पहिला व शेवटचा क्रमांक, एकूण, रद्द आणि निव्वळ असे रकाने असतात. आमच्या दुकानाने १५१ ते २३०, एकूण ८०, रद्द ३७, निव्वळ ४३ असे भरावे. शिवाय हरवल्याची पोलिसांत नोंद करून १६४ ते २०० हे क्रमांक तिच्यात स्पष्ट लिहावेत आणि त्याच मजकुराचे पत्र कर अधिकाऱ्याला देऊन पोच घ्यावी.

ही काळजी कशासाठी? कोरे छापील बिल भलत्याच्या हाती लागले, तर आपल्या नावावर खोटी विक्री होऊ शकते. नोंदणीकृत खरेदीदार सहसा सावध होतो, कारण आपण न कळविलेले बिल त्याच्या २बी विवरणात दिसत नाही आणि त्याला कराची वजावट मिळत नाही. साध्या गिऱ्हाइकाला मात्र असा इशारा मिळत नाही. त्याच्या बाबतीत आपली वेळेवर केलेली नोंदच कामी येते.

पुढे कधी ते बुक कपाटामागे सापडलेच, तर मोह आवरावा. प्रत्येक कोऱ्या बिलावर 'रद्द' लिहून ते फायलीशेजारी ठेवावे. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून बहात्तर महिने हे कागद जपावे लागतात.

उद्या दुकान उघडल्यावर आपण सर्वांनी दोन गोष्टी पाहाव्यात. छापखान्यातून आलेल्या प्रत्येक बुकाचे पहिले व शेवटचे क्रमांक एका वहीत, घेणाऱ्याच्या सहीसह, आहेत काय? आणि रोजकीर्दीत विक्रीपुढे बिलाचा क्रमांक पडतो काय? ही दोन्ही उत्तरे बुक हरवण्यापूर्वीच तयार असावी लागतात.