इस्कूल, इस्टेशन आणि तोंडी परीक्षा

आज आपण बोलणार आहोत एका लहानशा 'इ'बद्दल. स्कूलच्या आधी आपल्या तोंडून आपोआप येतो आणि स्कूलचं इस्कूल करतो, स्टेशनचं इस्टेशन करतो, स्टोचा इस्टो करतो, तो हा 'इ'. घरात, शेतात, बाजारात त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण तोंडी परीक्षेत तो आडवा येतो. कसा ते आम्ही आमच्याच गटात पाहिलं.

आमच्या गटातल्या एक वहिनी नववीनंतर लग्न होऊन आल्या. मुलगा सातवीला गेल्यावर त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि बाहेरून दहावीला बसल्या. इंग्रजीच्या शंभर गुणांतले ८० लेखी आणि २० तोंडीचे. लेखीची त्यांना भीती नव्हती, कारण गटाचं इतिवृत्त दोन वर्षं त्याच लिहीत होत्या. शाळेत सराव परीक्षेला गेल्या. विचारलं, घरच्यांबद्दल बोला. वहिनींनी सुरुवात केली, "माय सन गोज टू इस्कूल." समोरचे सर हसले आणि म्हणाले, "इस्कूल नाही हो, स्कूल." मागच्या बाकांवरची पंधरा वर्षांची पोरंही हसली. वहिनींनी पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा इस्कूलच आलं. पुढच्या चार प्रश्नांना त्यांनी फक्त 'येस' आणि 'नो' अशी उत्तरं दिली. २० पैकी ६ मिळाले.

संध्याकाळी बैठकीत त्या म्हणाल्या, "ताई, माझं नाव काढून टाका. माझी जीभच अडाणी आहे."

जीभ अडाणी आहे का, हे आम्ही त्याच बैठकीत तपासलं. आम्ही वहिनींना म्हटलं, 'पुस्तक' म्हणा. म्हणाल्या. 'रस्ता' म्हणा, 'मास्तर' म्हणा, 'बस्ता' म्हणा. सगळं स्वच्छ आलं. म्हणजे स आणि त जोडून म्हणता येतात, जीभ कुठंच अडत नाही. मग 'बस स्टॉप' म्हणा म्हटलं. तेही सरळ आलं, बस-टॉप. पण नुसतं 'स्टॉप' म्हणा म्हटलं की लगेच 'इस्टॉप'!

गंमत इथंच आहे. 'पुस्तक' म्हणताना आपण पुस्-तक असं तोडतो. त्यातला अर्धा स मागच्या 'पु'च्या आधारानं उभा राहतो. 'रस्ता'मध्ये तो 'र'च्या आधारानं उभा असतो. 'स्टॉप' शब्दाच्या तोंडाशीच अर्धा स आहे आणि त्याच्या मागं टेकायला काहीच नाही. मग जीभ स्वतःच एक आधार तयार करते. भिंत नसली की आपण वेलाला काठी रोवून देतो, तसा हा 'इ' म्हणजे त्या अर्ध्या सला दिलेली काठी. इस्-टॉप झालं की ते अगदी पुस्-तक सारखं बसतं.

'ग्लास'ला मात्र आपण 'इग्लास' म्हणत नाही, 'गिलास' म्हणतो. 'क्लास'चा 'किलास' होतो, 'ब्रेक'चा 'बिरेक' होतो. तिथं काठी पुढं न रोवता दोन अक्षरांच्या मध्ये घालतो. कारण ग आणि ल सहज सुटे होतात, पण स आणि ट एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांना न तोडता आपण बाहेरून टेकू देतो. पंजाबकडचे लोक तेही तोडतात आणि 'सकूल', 'सटेशन' म्हणतात. प्रत्येक मुलखाच्या जिभेची आपली रीत असते.

ही रीत आजची नाही. संस्कृतातल्या 'स्त्री'ला पाली आणि प्राकृत भाषांत 'इत्थी' म्हणत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनाही तिथं 'इ' लागला. दुसरी वाट म्हणजे स सोडूनच द्यायचा. 'स्कंध'चा खांदा झाला, 'स्थान'चं ठाणं झालं, 'स्नान'चं न्हाणं झालं. आपल्या आजीनं स्टेशनला 'ठेसन' म्हटलं, तेव्हा ती त्याच जुन्या वाटेनं गेली. परदेशातही हेच आहे. शाळेला पोर्तुगीज भाषेत 'एस्कोला' लिहितात आणि गोव्यात कोंकणीत 'इस्कोल' म्हणतात. तुर्कस्तानात स्टेशनला 'इस्तास्योन' म्हणतात आणि तिथं तेच शुद्ध आहे. तेव्हा वहिनी, जीभ अडाणी नाही. फक्त इंग्रजीची परीक्षा देताना इंग्रजीची रीत पाळायची, एवढंच काम आहे.

आता ते काम कसं केलं ते सांगतो. आम्हाला तीन आठवडे लागले, रोज दहा मिनिटं.

पहिला आठवडा फक्त सचा. हाताची दोन बोटं गळ्यावर, मधोमध ठेवा. लांब 'ईऽऽ' म्हणा. गळा थरथरतो. आता लांब 'स्स्स्' म्हणा, सापासारखा. गळा शांत राहतो. हीच आपली परीक्षा. आता 'स्स्स्' धरून ठेवा, मनात तीन मोजा आणि मग 'टॉप' म्हणा. स्स्स्-टॉप. सुरुवातीलाच बोटांना थरथर लागली तर 'इ' आला, पुन्हा करा. शांत राहून थेट सिटीसारखा आवाज आला तर जमलं. मग तीनचे दोन, दोनचा एक, असा स आखूड करत आणा. घाईघाईत स आखूड केला की 'इ' परत येतो, तेव्हा पहिले चार दिवस लांबच ठेवा. कानाला फसवता येतं, बोटांना येत नाही. वहिनींना पहिले दोन दिवस वाटायचं की आपण बरोबर म्हणतोय, बोटं मात्र थरथर सांगायची.

दुसरा आठवडा आधाराचा. पुस्तकातल्या सला मागच्या अक्षराचा आधार असतो, तसा वाक्यात मागच्या शब्दाचा घेता येतो. 'टू स्कूल' हे 'टूस्-कूल' असं म्हणा. 'द स्टेशन' हे 'दस्-टेशन' असं म्हणा. मागचा शब्द स्वरानं संपत असेल तर त्याच्याशी स चिकटवायचा, दोघांत श्वास घ्यायचा नाही. 'इ'ला शिरायला जागाच उरत नाही.

वहिनींनी स्वतःबद्दल पाच वाक्यं तयार केली होती. ती आम्ही फळ्यावर लिहिली. माय सन गोज टू स्कूल. द स्टेशन इज फार. वी स्टार्टेड अ मसाला ग्रुप. आय वर्क एव्हरी डे. स्टडी इज इम्पॉर्टंट. पहिल्या तीन वाक्यांत स्कूलच्या आधी 'टू' आहे, स्टेशनच्या आधी 'द' आहे, स्टार्टेडच्या आधी 'वी' आहे. तिन्ही स्वरानं संपतात, तिन्ही चिकटतात. चौथ्यात तसा शब्दच नाही. अडचण पाचव्याची. तिथं 'स्टडी' वाक्याच्या तोंडाशी आहे, आधार नाही. आम्ही वाक्य फिरवलं, 'आय लाइक टू स्टडी.' आता 'टूस्-टडी' असं बसलं. वाक्य फिरवता येत नसेल, किंवा मागचा शब्द 'दॅट'सारखा व्यंजनानं संपत असेल, तिथं पहिल्या आठवड्यातला लांब स वापरायचा. म्हणजे सगळीकडं झगडायचं नाही, आपल्या वाक्यात नेमका कुठं आधार नाही तेवढं शोधायचं.

तिसऱ्या आठवड्यात एक नवीच चूक निघाली. 'इ'ची इतकी धास्ती बसली की वहिनी 'एस्टिमेट'ला 'स्टिमेट' म्हणू लागल्या. तिथला पहिला स्वर खराच आहे, तो काढायचा नाही. वाचताना सोपी खूण आहे. शब्दाचं पहिलं अक्षर एस असेल तर 'इ' नको. पहिलं अक्षर ई असेल तर तो स्वर म्हणायचाच.

असाच दुसरा खड्डा म्हणजे मध्ये स्वर घालणं. 'स्पोर्ट'चं 'सपोर्ट' झालं की खेळाचा आधार होतो, अर्थच बदलतो. पुढं 'इ' लावून 'इस्पोर्ट' म्हटलं तर ऐकणाऱ्याला निदान खेळ कळतो. आणि इंग्रजीच कशाला, मराठीतही एक जागा सांभाळायची आहे. 'स्त्री शिक्षण' हा विषय बोलायला घेतला आणि 'इस्त्री शिक्षण' म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं कपड्यांची इस्त्री येते! तिथंही लांब स धरा, स्स्-त्री.

खऱ्या परीक्षेत काय झालं ते सांगतो. वहिनी पहिली तीन वाक्यं नीट बोलल्या. मग समोरच्या बाईंनी तयारीबाहेरचा प्रश्न विचारला, मसाला कसा करता? वहिनी मिरची, धणे, भाजणं, कांडप हे सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत सुटल्या आणि त्या भरात 'इस्टोव्ह' म्हणून गेल्या. त्यांना कळलं. पण आमचं ठरलं होतं की चुकून 'इ' आला तर मागं वळायचं नाही, शब्द दुरुस्त करत बसायचं नाही, वाक्य पुरं करायचं. त्यांनी पुरं केलं. २० पैकी १४ मिळाले.

सराव परीक्षेतले १४ गुण 'इ'नं खाल्ले नव्हते. एका 'इ'पायी पुढचे चार प्रश्न गप्प गेले, त्यानं खाल्ले होते. म्हणून परीक्षा घेणाऱ्या सर-बाईंनाही आमची विनंती आहे. बोलणारी काय म्हणते ते कळत असेल तर तिला मध्येच थांबवू नका. तिचं बोलणं पुरं झालं की मग शब्द सांगा, आणि जमलं तर तो 'टूस्-कूल' असा जोडून सांगा. नुसतं 'स्कूल म्हणा' म्हटलं तर ती पुन्हा इस्कूलच म्हणणार, कारण आधार नसलेला शब्दच तुम्ही तिला परत दिलेला असतो.

वहिनी आता अकरावीला आहेत. परवा त्यांच्या घरी गेलो, तर आतून आवाज आला, "अहो, इस्टो बंद करा, ताई आल्यात." आम्ही काही म्हटलं नाही. घरात परीक्षा नव्हती.