कॅरेटचा भाव आणि किलोचा भाव



दिंडोरी, निफाड किंवा चांदवडचा शेतकरी टोमॅटो घेऊन पिंपळगाव बसवंतला जातो, तेव्हा त्याचा भाव कॅरेटवर ठरतो. एक कॅरेट म्हणजे २० किलो. व्यापारी वरचे दोन-चार टोमॅटो बाजूला करून खालचा माल बघतो, बोली होते आणि घटकाभरात तुमच्या दिवसाचा हिशेब लागतो. तोच टोमॅटो संध्याकाळी नाशिकमध्ये गंगापूर रोडला किंवा इंदिरानगरला हातगाडीवर किलोने विकला जातो, आणि शेतकरी तो आकडा ऐकतो. बाजारात आपल्याला किलोला १५ रुपये मिळाले आणि इथे भाव चाललाय ३०. मधले १५ गेले कुठे? मग तो म्हणतो, आपणच सोसायटीच्या दारात जाऊन उभे राहू आणि २५ ने देऊ. गिऱ्हाइकाचे पाच वाचतील, आपल्याला दहा जास्त मिळतील.

हा विचार चांगला आहे, पण हिशेब अर्धा आहे. तो आज पुरा मांडू या.

आकडे समजण्यापुरते धरले आहेत. तुम्ही आपापले घाला. समजा, १० कॅरेट म्हणजे २०० किलो माल आहे. लिलावात कॅरेटला ३०० रुपये मिळाले. एकूण ३,००० झाले. गावातल्या चार जणांच्या मालाबरोबर गाडी गेली, त्याचं भाडं तुमच्या वाट्याला २५० आलं. हमाली, तोलाई धरून ५० गेले. हातात २,७०० रुपये राहिले. २०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं, म्हणून आडत या हिशेबात धरलेली नाही. तुमच्या पट्टीत ती वेगळ्या नावाने कापली जाते का, हे मात्र दर वेळी पट्टी वाचून बघा.

आता तोच माल शहरात दारोदार विकू. बाजारात लहान-मोठा, थोडा चिरलेला माल एकाच कॅरेटमध्ये जातो. भाव जरा कमी मिळतो, पण सगळा जातो. घरची बाई एकेक टोमॅटो हातात घेऊन बघते. त्यामुळे मऊ, चिरलेला, डागी माल शेतातच काढावा लागतो. शिवाय किलोने विकताना काटा थोडा गिऱ्हाइकाकडे झुकतो. दोन्ही मिळून २० किलो कमी झाले असं धरा. उरले १८०. त्यातले १५० किलो २५ रुपयांनी गेले, त्याचे ३,७५०. राहिलेले ३० किलो अंधार पडताना १० रुपयांनी काढून टाकले, त्याचे ३००. गल्ला ४,०५०.

खर्च बघा. या वेळी टेम्पो एकट्याचा, ६०० रुपये. दोन माणसांचा अख्खा दिवस गेला, त्याची मजुरी ४०० प्रमाणे ८००. ती घरची माणसं असली तरी धरायची, कारण ती त्या दिवशी शेतात नव्हती. पिशव्या आणि जागा यांचे २००. एकूण १,६००. हातात उरले २,४५०. म्हणजे बाजारापेक्षा अडीचशे रुपये कमी, आणि दिवसभराचे कष्ट वेगळे.

ही घट सहज दिसत नाही, कारण गल्ल्यात नोटा जास्त असतात. कितीतरी चांगले, कष्टाळू शेतकरी दोन हंगाम अशी विक्री करून थांबले, आणि दोष त्यांनी गिऱ्हाइकांना दिला. दोष भावाचा होता. व्यापारी, अडत्या आणि हातगाडीवाला मिळून जे करतात, म्हणजे निवड, वाहतूक, किरकोळ विक्री आणि उरलेल्या मालाचा धोका, ते सगळं आता तुम्ही करताय. त्या कामाचे पैसे भावात आलेच पाहिजेत.

मग किती भाव घ्यायचा? बाजारात हाती येणारे २,७०० आणि थेट विक्रीचा खर्च १,६०० मिळवा, ४,३०० होतात. उरल्या मालाचे ३०० वजा करा आणि खऱ्या अर्थाने विकल्या जाणाऱ्या १५० किलोंनी भागा. २६ रुपये ६७ पैसे. म्हणजे २७ च्या खाली गेलात तर बाजार बरा. हातगाडीच्याच भावाने, ३० ने दिलंत, तर हातात ३,२०० येतात, बाजारापेक्षा ५०० जास्त. ताज्या, निवडलेल्या मालाला हातगाडीइतका भाव सांगताना संकोच करू नका.

आता तीन शेजाऱ्यांनी मिळून जायचं ठरवलं तर? एकाचे टोमॅटो, दुसऱ्याची वांगी, तिसऱ्याची मेथी-कोथिंबीर. टेम्पो तोच, माणसं तीच. १,४०० चा खर्च तिघांत वाटला की प्रत्येकी ४६७, पिशव्या-जागेचे २०० वेगळे. आता टोमॅटो २५ ने विकूनही हातात जवळजवळ ३,४०० राहतात. गिऱ्हाईकही खूश, कारण एका जागी चार भाज्या मिळाल्या. पणन मंडळाच्या संत शिरोमणी सावता माळी आठवडे बाजारांत गट करून येणाऱ्यांना हा फायदा होतो. माझ्या मते थेट विक्री एकट्याने करण्याची गोष्टच नाही.

आणखी एक अडचण तोडणीची. बाजारातला टोमॅटो दूरवर जातो, म्हणून तो रंग धरू लागला की तोडतात. घरात मात्र पिकलेला, लाल लागतो, म्हणजे फळ झाडावर आणखी काही दिवस ठेवावं लागतं. असा लाल माल शहरात उरला, तर तो दुसऱ्या दिवशी लिलावात चालत नाही. म्हणून थेट विक्रीचा माल वेगळा तोडा, आणि जेवढी मागणी पक्की आहे तेवढाच. संध्याकाळी पाच-सहा भागांतला एक भाग उरला, तर ठीक. एक तृतीयांश उरू लागला, की वरचं सगळं गणित कोसळलं असं समजा.

राहिला प्रश्न भाव बदलायचा. २०२३ चा हंगाम आठवा. जुलै-ऑगस्टमध्ये कॅरेट दोन हजारांच्या आसपास गेला होता, आणि सप्टेंबरात आपल्याच जिल्ह्यात तो शंभराच्या घरात आला. अशा वेळी दारातल्या गिऱ्हाइकाला रोज बाजारभाव लावला, तर बाजार पडला की तुम्ही खर्चाच्या खाली जाता. बाजार पडतो तेव्हा टेम्पोचं भाडं कमी होत नाही. म्हणून उत्पादन खर्च आणि विक्री खर्च धरून तुमचा एक तळाचा भाव ठरवा आणि पडत्या बाजारातही तो सोडू नका. त्या वेळी हातगाडीवाला तुमच्यापेक्षा स्वस्त असेल, काही गिऱ्हाइकं जातील. ती जाऊ द्या. भाव कडाडला, की थोडा वाढवा, पण बाजाराच्या बराच खाली ठेवा आणि जास्तीचा माल लिलावात न्या. महागाईत ज्यांना तुम्ही रास्त भावात दिलंत, त्यांच्यातलीच माणसं मंदीत तुमचा तळाचा भाव देतात.

सगळा माल मात्र दारोदार नेऊ नका. ऐन हंगामात एका तोडणीला १०० कॅरेट निघतात तेव्हा ते एका दिवसात उचलणारी जागा बाजार समितीच आहे. दहा-पंधरा कॅरेट घरांसाठी ठेवा, बाकी पिंपळगावला जाऊ द्या, आणि दोन्हींचा हिशेब एकाच वहीत, शेजारी शेजारी लिहा: किती किलो तोडले, आणि त्या तोडलेल्या प्रत्येक किलोमागे हातात किती आले. विकलेल्या किलोवर भागाकार करू नका. आजच्या उदाहरणात बाजाराचा आकडा १३ रुपये ५० पैसे येतो, २५ च्या एकट्याच्या विक्रीचा १२ रुपये २५ पैसे, आणि तिघांच्या गटाचा १७ च्या जरा खाली.