तापमापनाच्या भाषांतरातील दोन शब्द



उपकरण-तंत्रज्ञ म्हणून भिलाई परिसरात काम करणाऱ्या आपल्या काही माजी विद्यार्थ्यांसह मी तापमापकांच्या कॅलिब्रेशनची कार्यपद्धती मराठीत आणली. यंत्राचे ज्ञान त्यांचे, भाषेची जबाबदारी माझी. त्या कामात दोन शब्दांनी आम्हांस फार विचार करावयास लावला.

पहिला शब्द 'अंशशोधन'. तो कॅलिब्रेशनसाठी रूढ आहे. परंतु 'शोधन' म्हटले की दोष काढून टाकणे मनात येते. वस्तुतः कॅलिब्रेशन म्हणजे ज्ञात मापाशी तुलना करून फरक नोंदवणे. फरक दूर करणे हे निराळे काम. त्यास आम्ही 'समायोजन' म्हटले.

उदाहरण घ्या. ० ते २०० अंश सेल्सिअसचा एक ट्रान्समीटर ४ ते २० मिलिअँपिअर संकेत देतो. रोधक तापमापी सोडवून त्याच्या जागी १३८.५१ ओहमचा रोध जोडला. पीटी-१०० प्रकारात हा १०० अंशांचा रोध. संकेत १२.०० यावयास हवा, आला १२.१६. एक मिलिअँपिअर म्हणजे साडेबारा अंश, म्हणून फरक दोन अंशांचा. तंत्रज्ञाने तो न लिहिताच संकेत १२.०० वर आणला, तर आजवर पटलावर १०० दिसताना प्रत्यक्ष तापमान ९८ च्या आसपास होते, हा पुरावाच पुसला जातो. म्हणून आमच्या मराठी तक्त्यात 'समायोजनापूर्वीचे वाचन' हा रकाना प्रथम येतो आणि तो भरल्याशिवाय पुढील पायरी नाही. अर्थात, या पद्धतीने केवळ ट्रान्समीटर तपासला जातो. तापमापी स्वतंत्रपणे तपासावी लागते.

दुसरा शब्द थर्मोकपलचा 'कोल्ड जंक्शन'. त्यास 'थंड सांधा' म्हटले, तर तो थंडच असतो असा समज होतो. चरोद्याच्या वैशाखात तो ४० अंशांवरही असतो. थर्मोकपल दोन टोकांच्या तापमानांतील फरक सांगते; ट्रान्समीटर सांध्याचे तापमान मोजून त्याचा वाटा स्वतः मिळवतो. के प्रकारात १०० अंशांसाठी कोष्टकात ४.०९६ मिलिव्होल्ट आहेत, ४० अंशांसाठी १.६१२. म्हणून साध्या तांब्याच्या तारांनी तपासताना यांची वजाबाकी, म्हणजे २.४८४, द्यावयाची. पूर्ण ४.०९६ दिले, तर ट्रान्समीटर सुमारे १३९ अंश दाखवतो. चूक सांध्याच्या तापमानाएवढी दिसली, की ट्रान्समीटरला हात लावण्यापूर्वी ही वजाबाकी पाहावी. आम्ही 'संदर्भ सांधा' लिहिले आणि त्यापुढे त्याचे तापमान नोंदवण्यास जागा ठेवली.

ट्रान्समीटर, थर्मोकपल हे शब्द आम्ही तसेच ठेवले, कारण ते तंत्रज्ञांच्या तोंडी आहेत आणि त्यांनी कोणाची दिशाभूल होत नाही. जेथे शब्दामुळे हात चुकीच्या स्क्रूकडे जाईल, तेथेच मराठी शब्द तोलून घ्यावा लागला.