घडीचा दरवाजा अडतो तेव्हा

खोलीतला घडीचा पार्टिशन दरवाजा अडू लागला किंवा वरच्या पट्टीतून निसटू लागला, की दोष पट्टीला दिला जातो. पण दोन पाखांच्या दरवाजाचा मुख्य भार चौकटीजवळच्या खालच्या खुंटीवर असतो. वरची खुंटी त्याला उभा धरते आणि मोकळ्या टोकाचं चाक फक्त वाट दाखवतं. खालची खुंटी खचली की दरवाजा खाली बसतो आणि चाक पट्टीबाहेर येतं. म्हणून नवी पट्टी बसवूनही तेच घडतं. दरवाजा बंद करून चौकटीलगतची फट पाहा. ती वर अरुंद, खाली रुंद असेल, तर वरच्या खुंटीच्या पकडीचा स्क्रू सैल करून ती चौकटीपासून किंचित दूर सरकवा. फट सारखी असूनही चाक निसटत असेल, तर दरवाजाचा भार हाताने उचलून धरा आणि खालच्या खुंटीचा नट थोडा थोडा फिरवून दरवाजा वर घ्या. फार उचललात तर पाखं पट्टीला घासतील.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, मग रंधाच का मारू नये, असं कुणी म्हणेल. फुगलेला दरवाजा काठभर सारखाच घासतो. एकाच कोपऱ्यात घासत असेल, तर तो कललेला आहे. रंध्याने काढलेलं लाकूड परत येत नाही, खुंटी मात्र पुन्हा सरकवता येते. खुंटीचं भोकच मोठं झालं असेल, तर आधी लाकडी गुल्ली गोंदाने बसवून नवं भोक पाडावं लागेल.