मुरलेल्या संसारांतील स्पर्श

विवाहाला पंचवीस-तीस वर्षें होऊन गेलेल्या कित्येक घरांत भांडण नसतें, अबोला नसतो, आणि परस्परांच्या पथ्यपाण्याची काळजीही चोख घेतली जाते. नवऱ्याची रक्तदाबाची गोळी बायको न चुकतां पुढें करते. बायकोच्या गुडघ्याचें मलम नवरा आठवणीनें घेऊन येतो. तरीही, कांहींएक कारण नसतांना या दोघांनीं एकमेकांचा हात शेवटचा केव्हां धरला होता, असें विचारलें तर उत्तर देतांना दोघेंही अडखळतात. रस्ता ओलांडतांना किंवा दवाखान्याच्या पायऱ्या चढतांना धरलेला हात त्यांना आठवतो. परंतु तो आधाराचा हात असतो, मायेचा नव्हे. हा मायेचा स्पर्श संसारांतून नाहींसा कां होतो, आणि गेलेला परत कसा आणतां येतो, याचा येथें विचार करावयाचा आहे.

प्रेम आटलें म्हणून स्पर्श आटला, असें सामान्यतः समजलें जातें. पुष्कळ वेळां खरें कारण निराळें असतें. आपल्याकडील मध्यमवर्गीय संसार दोन खोल्यांत सुरू झालेले. बाहेरच्या खोलींत सासूसासरे, आंत मुलें, आणि वडीलधाऱ्यांदेखत नवराबायकोंनीं एकमेकांच्या अंगाला हात लावणें हा तर अविनयच. त्यामुळें दिवसाची माया वस्तूंच्या वाटेनें वाहत असे: न सांगतां पुढें आलेला चहा, ताटांतली आवडती भाजी, कचेरीतून येतांना पानांत बांधून आणलेला गजरा. प्रत्यक्ष स्पर्शाला जागा उरली ती रात्रीच्या काळोखांत. याचा परिणाम असा झाला कीं, दिवसाचा निर्हेतुक स्पर्श कित्येक जोडप्यांच्या अंगवळणीं पडलाच नाहीं, आणि स्पर्शाला एकच अर्थ येऊन चिकटला. हात पुढें झाला, म्हणजे त्यामागें शरीरसंबंधाची इच्छा आहे, असें दोघेंही धरून चालूं लागलीं.

तारुण्यांत या समजुतीनें फारसें अडत नाहीं. अडचण येते ती पन्नाशीच्या सुमारास. रजोनिवृत्तीनंतर अनेक स्त्रियांना शरीरसंबंध वेदनादायक होऊं लागतो. पुरुषाला आपल्या शक्तीविषयीं शंका वाटूं लागते. मधुमेह आणि त्यावरचीं औषधें यांचीही भर पडते. जी गोष्ट आतां नको आहे किंवा जिची धास्ती वाटते, तिचें आमंत्रण ठरूं नये म्हणून बायको पाठीवरचा हातदेखील हळूच बाजूला करते. नवऱ्याला त्यामागची भीति दिसत नाहीं. त्याला दिसतो तो केवळ नकार. तो पुन्हा हात पुढें करीत नाहीं. बायकोला वाटतें, यांना आतां आपली ओढ उरली नाहीं. अशा रीतीनें, दोघांनाही जवळीक हवी असतांना, दोघेंही एकमेकांना दुखवूं नये म्हणून दूर राहतात, आणि वर्षें लोटलीं कीं त्या अंतरालाच स्वभाव म्हटलें जातें.

या गांठीवरचा उपाय १९७० सालीं अमेरिकेंतील विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या संशोधकांनीं आपल्या ग्रंथांत मांडला. त्यांच्याकडे येणाऱ्या जोडप्यांना ते प्रथम शरीरसंबंधाला सक्त मनाई करीत, आणि मग आळीपाळीनें एकमेकांना नुसता स्पर्श करावयास सांगत. पुढें कांहीं घडवून आणावयाचें नाहीं, हें आधींच ठरलेलें असल्यामुळें स्पर्शांतली धास्ती निघून जाई. त्यांची सर्व पद्धति दवाखान्यांतली होती. परंतु तिच्यांतील मूळ युक्ति घरांतही लागू पडते. हरवलेला स्पर्श परत आणावयाचा असेल, तर पहिलें काम मिठी मारणें हें नसून, त्या मिठीचा अर्थ आधीं बोलून ठरविणें हें आहे.

उदाहरणादाखल एका घराची कल्पना करावी. नवरा छपन्न वर्षांचा, बँकेंत नोकरीला. बायको बावन्न वर्षांची, शाळेंत शिक्षिका. लग्नाला सत्तावीस वर्षें झालेलीं. मुलगा नोकरीनिमित्त परगांवीं गेलेला, आणि घरांत नवऱ्याची वृद्ध आई. एका रविवारीं दुपारीं, आई झोंपल्यावर, बायको विषय काढते: "अहो, तुम्हीं नुसतें जवळ बसावें, पाठीवरून हात फिरवावा, हें मला आवडतें. पण पुढें काय, ही धास्ती मनांत असते, म्हणून मी दूर होतें." नवरा थोडा वेळ गप्प राहून म्हणतो, "तूं हात काढून घेतेस, तेव्हां मला वाटतें कीं मी तुला नकोसा झालों आहें." सत्तावीस वर्षांत न उच्चारलेलीं हीं दोन वाक्यें उच्चारलीं गेलीं, कीं निम्मी वाट सरली. मग दोघें असें ठरवितात कीं, चार आठवडे स्पर्शाचा अर्थ स्पर्श एवढाच. त्याच्या पुढें कोणीं जावयाचें नाहीं, आणि कोणीं तशी अपेक्षाही धरावयाची नाहीं.

यापुढची पायरी म्हणजे यादी. रिचर्ड स्टुअर्ट या अमेरिकन चिकित्सकानें ती १९८० सालच्या आपल्या पुस्तकांत सांगितली आहे. जोडीदारानें आपल्यासाठीं कोणत्या लहान गोष्टी केलेल्या आवडतील, हें दोघांनीं लिहून काढावयाचें. मात्र त्याला चार अटी. गोष्ट करावयाची असावी, न करावयाची नसावी. ती नेमकी असावी. रोज करतां येईल इतकी लहान असावी. आणि ज्यावरून सध्यां वाद चालू आहे, तिच्यापैकीं ती नसावी. वरच्या घरांत बायकोनें प्रथम लिहिलें, "चिडचिड करूं नये." ही तक्रार झाली, मागणी नव्हे. विचार केल्यावर तिच्या जागीं आलें: "घरीं आल्यावर मोबाइल बाजूला ठेवून चहा होईपर्यंत शेजारीं बसावें." नवऱ्यानें लिहिलें, "प्रेमानें वागावें." यांतून काय करावयाचें तें कळत नाहीं. त्याचें रूपांतर झालें तें असें: "सकाळीं निघतांना दाराशीं येऊन क्षणभर खांद्यावर हात ठेवावा." आईच्या औषधांचा खर्च धाकट्या भावानें किती उचलावा, हा त्या घरांतला जुना वाद, तो यादींत येऊं दिला नाहीं.

अशा यादींत केसांना तेल लावून देणें, जेवणानंतर फिरावयास गेल्यावर काळोखाच्या गल्लींत हात धरणें, दिवा मालविण्यापूर्वीं एकदां जवळ घेणें, हें सर्व येऊं शकतें. वस्तूंच्या वाटेनें वाहणारी जुनी मायाही तींतून वगळूं नये. चहाचा पेला पुढें करतांना बोटें हातावर क्षणभर टेकलीं, तर त्या चहालाच नवा अर्थ येतो. स्टुअर्टचा नियम असा कीं, यादींतील निदान पांच गोष्टी प्रत्येकानें रोज कराव्यात, आणि केल्याची तारीख कागदावर मांडावी. याहून महत्त्वाचा नियम हा कीं, दुसऱ्यानें आपला वांटा उचलला कीं नाहीं, हें न पाहतां प्रत्येकानें स्वतःपासून आरंभ करावयाचा. कोण आधीं, याच प्रश्नावर कित्येक संसार वर्षानुवर्षें थांबलेले असतात.

पहिल्या आठवड्यांत हें सारें कृत्रिम वाटतें. दाराशीं उभें राहून खांद्यावर हात ठेवतांना त्या शिक्षिकेला हसूं येतें, आणि आतल्या खोलींतून सासूची हांक ऐकूं आली कीं दोघें दचकून दूर होतात. यांत चुकलें कांहींच नाहीं. सत्तावीस वर्षांची संवय आठ दिवसांत मोडत नाहीं. ज्यांना वडिलांसमोर संकोच वाटतो, त्यांनीं जागा आणि वेळ बदलावी. खरी चूक निराळ्या ठिकाणीं होते. कागदावरच्या खुणा मोजून "माझ्या पांच झाल्या, तुझ्या तीनच" असा हिशेब सुरू झाला, कीं यादीची खतावणी होते. अशा वेळीं कागद फाडून टाकावा आणि गोष्टी चालू ठेवाव्यात. दुसरी चूक म्हणजे भांडणानंतर क्षमा मागण्याऐवजीं मिठी मारणें. न सुटलेला प्रश्न मिठीखालीं झांकला, कीं पुढच्या वेळीं ती मिठीच खोटी वाटूं लागते. तिसरी चूक सर्वांत घातक. तिसऱ्या आठवड्यांत वातावरण सैल झालेलें पाहून एकानें ठरलेली मर्यादा ओलांडली, तर दुसऱ्याची जुनी धास्ती खरी ठरते, आणि मग पुन्हा विश्वास बसणें पहिल्याहून कठीण जातें. चार आठवडे संपल्यावर काय हवें, काय नको, हें दोघांनीं पुन्हा बोलूनच ठरवावें.

या लहान गोष्टींचा उपयोग किती, याचा एक पुरावा २००६ सालीं जेम्स कोन या मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केला. सोळा विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य धक्का बसण्याची भीति दाखवून, त्या वेळीं त्यांच्या मेंदूंत काय घडतें, हें त्यांनीं यंत्रानें पाहिलें. पतीचा हात हातांत असतांना भीतीला मेंदूचा प्रतिसाद कमी झाला. अनोळखी माणसाच्या हातानेंही थोडा फरक पडला, पण तितका नाहीं. आणि ज्या स्त्रिया संसारांत अधिक सुखी होत्या, त्यांना पतीच्या हातानें अधिक स्वस्थता लाभली. सोळा ही संख्या लहान आहे, हें खरें. तथापि या प्रयोगाच्या दोन्ही बाजू ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. हातांत सामर्थ्य आहे. परंतु त्याचा बराच भाग त्या दोघांमधील नात्याकडून येतो.

म्हणून या उपायाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. जवळ घेतांना जोडीदार अंग चोरतो, त्याचें कारण कधीं कधीं मनांत नसून खांद्यांत असतें. मधुमेही माणसांत खांदा आखडण्याचा विकार इतरांहून अधिक आढळतो, आणि अशा माणसाला मिठी म्हणजे कळच. शरीरसंबंधांतील वेदनेवरही उपचार आहेत. वयाचा भोग म्हणून ती सोसण्याऐवजीं स्त्रीरोगतज्ज्ञाला सांगावी. आणि ज्या घरांत हात उगारला जातो, किंवा एकाला दुसऱ्याचें भय वाटतें, तेथें यादी करूं नये. तेथें आधीं संरक्षण हवें.

इतर घरांत हा यत्न फळास येत आहे, हें ओळखावयाची खूण साधी आहे. पाठीवर हात पडतांच पूर्वीं जें अंग ताठ होत असे, तें आतां ताठ होत नाहीं. मग एखाद्या संध्याकाळीं यादींत नसलेली गोष्ट घडते. भाजी निवडीत बसलेल्या बायकोच्या शेजारीं नवरा येऊन बसतो, आणि तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकतो. कागदावर त्याची खूण करावयाची दोघांनाही आठवण राहत नाहीं. त्या दिवसापासून यादीची गरज संपली, असें समजावें.