पास झालेला कान



समजा, शनिशिंगणापुरातलं एक बाळ.
जन्मल्यावर कान तपासले. पास!

वर्षाचं होता होता ते ‘आई’ म्हणू लागलं.
मग शब्द थांबले.
मागून ताट वाजवलं, तरी मान वळेना.

कारण सायटोमेगॅलो विषाणू असू शकतो.
गरोदरपणी आईला जेमतेम कणकण येते, कधी तेवढीही नाही.
पण विषाणू पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतो.
आतला कान पुढे महिन्यांनी, वर्षांनीही बिघडू शकतो.

जन्मवेळची तपासणी त्या दिवसाचंच ऐकणं सांगते.
हो, त्या दिवसाचंच!

विषाणूसाठी बाळाची लाळ किंवा लघवी पहिल्या २१ दिवसांत तपासावी.
उशिरा सापडला, तर तो जन्माआधीचा की नंतरचा, हे सांगणं अवघड.

संसर्ग आढळला, तर पास झालेल्या बाळाचेही कान शाळेच्या वयापर्यंत ठरावीक काळाने तपासत राहायचे.